विषय: ७ ऑक्टोबरला भरलेला ₹ १,८६,४०० चा चेक अजून क्लिअर नाही – चेक नेमका कुठे आहे, हे उद्या दुपारपर्यंत कळवावे

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
विटा शाखा

दि. १४ ऑक्टोबर २०२५

महोदय,

सविनय नमस्कार. माझे आपल्या शाखेत चालू खाते आहे (शेवटचे चार अंक ४१७३). गेली नऊ वर्षे माझ्या शिलाई केंद्राचे सगळे व्यवहार याच खात्यातून होतात.

मंगळवार, ७ ऑक्टोबरला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी मी काउंटरवर चेक भरला. चेक क्रमांक ०००३१८, तारीख ३ ऑक्टोबर २०२५, रक्कम रुपये एक लाख शहाऐंशी हजार चारशे. कराडच्या एका शिक्षण संस्थेने शालेय गणवेशाच्या शिलाईपोटी तो दिला असून संस्थेचे खाते तिथल्याच दुसऱ्या बँकेत आहे. रक्कम मोठी म्हणून मी चेक ड्रॉप बॉक्समध्ये टाकला नाही. रांगेत उभी राहून स्लिपवर शिक्का आणि सही घेतली. स्लिपचा आणि चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो सोबत जोडला आहे.

आज आठवा दिवस. मोबाइल ॲपमध्ये ही रक्कम ७ तारखेपासून 'क्लिअरिंग प्रलंबित' म्हणून दिसते आहे. खात्यातली वापरता येण्यासारखी शिल्लक मात्र ९,८४० रुपयेच आहे. पैसे जमा झाल्याचा मेसेज नाही, चेक परत आल्याचाही नाही.

मी ९ तारखेला शाखेत आले, तेव्हा नवी पद्धत सुरू झाल्यामुळे सगळीकडेच उशीर होतोय, असे सांगण्यात आले. १० तारखेला क्लिअरिंग पाहणारे साहेब रजेवर होते. पुढे दुसरा शनिवार आणि रविवार. काल सोमवारी पुन्हा आले, तर 'ॲपमध्ये दिसतोय म्हणजे चेक गेलेला आहे, समोरच्या बँकेकडे अडकलाय' असे उत्तर मिळाले. काउंटरवरचे सगळेजण माझ्याशी नीट बोलले, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे शेवटचे उत्तर मला पटत नाही. त्याची कारणे लिहिते.

कालच संध्याकाळी मी संस्थेच्या लेखापालांना फोन केला. त्यांनी माझ्यासमोर, म्हणजे फोन चालू ठेवूनच, खात्याचा उतारा पाहिला. खात्यात पुरेसे पैसे आहेत आणि ०००३१८ या क्रमांकाचा चेक त्यांच्याकडे वटणावळीला आलेलाच नाही. त्यांनी त्यांच्या बँकेतही विचारले, तिथेही तेच सांगितले. पॉझिटिव्ह पेची माहिती त्यांनी ३ तारखेलाच भरली होती, त्यामुळे तिथे अडण्याचे कारण नाही.

दुसरे असे की, ४ ऑक्टोबरपासून रिझर्व्ह बँकेने चेकची वटणावळ दिवसभर सलग सुरू केली आहे. सकाळी १० ते दुपारी ४ पर्यंत चेकची प्रतिमा पुढे पाठवायची आणि समोरच्या बँकेने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होय की नाही ते सांगायचे. तोपर्यंत काहीच कळवले नाही, तर चेक मंजूर झाला असे धरले जाते. म्हणजे माझा चेक खरोखर ७ तारखेला गेला असता, तर त्याच संध्याकाळी त्याचा निकाल लागला असता. आठ दिवस 'समोर अडकून' राहायला या पद्धतीत जागाच नाही. सुरुवातीच्या दिवसांत बँकांना अडचणी आल्या हे मी वर्तमानपत्रात वाचले आहे आणि एक-दोन दिवस मागेपुढे झाले असते, तर मी हा ईमेल लिहिला नसता.

माझी समजूत अशी झाली आहे की, आपल्याकडे चेकची नोंद झाली, पण प्रतिमा पुढे गेली नाही, किंवा स्पष्ट नाही म्हणून परत आली आणि तशीच पडून आहे. माझे चुकत असेल तर जरूर सांगावे. पण चेकची आजची जागा शाखेत शोधूनच सांगावी, ॲपवरून नव्हे.

घाई करण्याचे कारणही आपल्याला माहीत असायला हवे. कापडाच्या पैशांपोटी मी इचलकरंजीच्या व्यापाऱ्याला ७२,००० रुपयांचा चेक १६ तारखेचा दिला आहे. हे पैसे येणार याच भरवशावर तो दिला. परवा सकाळी त्यांनी तो भरला, तर नव्या पद्धतीमुळे त्याच दिवशी आपल्याकडे येईल आणि शिल्लक नसल्याने परत जाईल. माझा चेक आजवर एकदाही परत गेलेला नाही. दंड मी भरेन, पण उधारीवर कापड देणाऱ्या माणसाचा गेलेला विश्वास मला कुठून आणता येईल? शिवाय माझ्याकडे अकरा बायका नगावर शिवतात. त्यांचे ६१,५०० रुपये देणे आहे. शुक्रवारी वसुबारस आहे. त्यातल्या दोघींनी मुलांच्या कपड्यांसाठी उचल मागितली आणि मला 'चेक वटला की देते' असे सांगून त्यांना परत पाठवावे लागले.

म्हणून विनंती की, उद्या बुधवारी दुपारी १२ पर्यंत मला लेखी कळवावे: चेक कोणत्या तारखेला आणि किती वाजता पुढे पाठवला? पाठवलाच नसेल, तर तो उद्या सकाळी १० वाजताच पाठवावा, म्हणजे १६ च्या आत पैसे जमा होतील. परत आला असेल, तर कारणासह रिटर्न मेमो आणि मूळ चेक माझ्या हाती द्यावा. आणि चेक सापडत नसेल, तर तसे पत्र आजच द्यावे. त्या पत्राशिवाय संस्था स्टॉप पेमेंट करून दुसरा चेक देणार नाही आणि शनिवारपासून त्यांचे कार्यालय दिवाळीसाठी बंद होत आहे. ही शेवटची शक्यता वाईट आहे, पण लपून राहिली तर त्याहून वाईट होईल.

काही कारणाने १६ पर्यंत रक्कम जमा होणार नसेल, तर या चेकवर चेक परचेस किंवा तात्पुरती उचल देणे आपल्या अधिकारात बसते का, तेही सांगावे. संस्थेच्या लेखापालांचे पत्र आणि शिलाईचे बिल मी घेऊन येऊ शकते. व्यापाऱ्याचा चेक आपल्याकडे आला, तर परत करण्याआधी मला एक फोन करावा, ही कळकळीची विनंती. मी दहा मिनिटांत शाखेत पोहोचेन.

उशीर शाखेकडून झाल्याचे दिसल्यास बँकेच्या चेक वसुली धोरणाप्रमाणे त्या दिवसांचे व्याज खात्यात जमा करावे. या ईमेलची तक्रार म्हणून नोंद करून क्रमांक द्यावा. तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हे मला माहीत आहे. तिथवर जाण्याची माझी इच्छा नाही. मला माझा चेक हवा आहे.

उद्या सकाळी १० वाजता मी स्वतः शाखेत येते आहे. मूळ स्लिप सोबत असेल. खात्याशी जोडलेल्या मोबाइलवर मी दिवसभर उपलब्ध आहे.

आपली विश्वासू,
सौ. वैशाली प्रकाश माळी
विटा, जि. सांगली

सोबत: शिक्का असलेल्या स्लिपचा फोटो, चेकच्या दोन्ही बाजूंचे फोटो, ॲपचा आज सकाळचा स्क्रीनशॉट