राखीच्या आधी मुक्ताला

॥ श्री ॥

वाई,
१२ ऑगस्ट २०२४

चि. मुक्ता हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अर्धंमुर्धं बोललीस. मागे तुझा बाबा वावरत होता, ते मला ऐकू येत होतं. म्हणून पत्र लिहिते आहे. फोनवर माझंही मन मोकळं होत नाही, आणि हे तुला राखीपौर्णिमेच्या आत मिळायला हवं. तुझ्या मैत्रिणी म्हणतात ना, "सरळ राखी बांधून टाक, विषय संपला"? ते तेवढं करू नकोस. का नको, ते सांगते.

समोरच्या चिन्मयबद्दल तू विचारलंस, "आजी, त्याचं खरंच काही आहे, की मलाच तसं वाटतंय?" तुला वाटतंय ते बरोबर आहे. आषाढात मी आले होते तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तू ऑफिसला गेली होतीस आणि तो गॅसचं पुस्तक मागायला आला. दारात उभा राहून त्याने आधी खाली चपलांकडे पाहिलं. तुझी चप्पल नव्हती. मग मात्र माझ्याशी छान मोकळेपणाने बोलला, गुडघ्यांची चौकशी केली, वाईला पाऊस किती झाला विचारलं. दोन दिवसांनी तू घरात असताना आला तर त्याच मुलाच्या तोंडून धड एक वाक्य निघेना. तेव्हाच मी मनात म्हटलं, अगं बाई!

पण त्याच्या मनात आहे एवढंच कळून भागत नाही. तो ते कसं वागवतो, तिकडे मी जास्त बघते. पाऊस पडून गेला की तो तुझ्या स्कूटरची सीट पुसून ठेवतो म्हणालीस. पुसून तिथे थांबतो का? नाही. लिफ्टमध्ये तू एकटी असलीस तर "तू जा" म्हणून जिन्याने चढतो. याला तू विचित्रपणा म्हणालीस. मला तो समंजसपणा वाटतो. तुझा नंबर सोसायटीच्या ग्रुपवरून त्याला केव्हाच मिळाला असता, पण तुझ्या फोनवर त्याचा एकही मेसेज नाही. आणि आपला डबा! त्याची आई लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलेली, घरात हा एकटा. तरी डबा रिकामा परत द्यायचा नसतो हे त्याला आठवलं आणि दुकानातून राजगिऱ्याचे लाडू आणून त्याने डब्यात घातले. त्यावर तुम्ही मैत्रिणी हसलात. मला मात्र त्या मुलाचं फार कौतुक वाटलं.

उद्या यात काही बदललं तर मात्र डोळे उघडे ठेव. "काल उशीर का झाला, कोण सोडायला आलं होतं" असं विचारायला लागला, तुझ्या येण्याजाण्याच्या वेळा धरून वाटेत उभा राहू लागला, किंवा मी तुझ्यासाठी एवढं केलं म्हणून हिशोब मांडू लागला, तर त्याला लाजाळूपणा म्हणायचं नाही. त्याच दिवशी आईला आणि बाबाला सांग. शेजारी आहेत, वाईट दिसेल, असला विचार करू नकोस. तुझ्या पोटात भीतीचा गोळा आला तर तेवढं कारण पुरे आहे, मला फोन करून खात्री करत बसू नकोस.

आता राखीचं. यासाठी मला तुला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, जी मी तुझ्या आजोबांखेरीज कुणाला सांगितली नाही.

११ डिसेंबर १९६७. मी सतरा वर्षांची. पहाटे चारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला. फळीवरचे पितळी डबे धडाधड खाली आले, आणि आम्ही सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी वाड्याबाहेर पळालो. गंगापुरीतली सगळी माणसं रस्त्यावर. थंडी म्हणजे मरणाची! नंतरही धक्के बसत होते, म्हणून कितीतरी रात्री आम्ही घरात झोपलोच नाही, मोकळ्या जागेत सतरंज्या टाकून पडायचो. पहिल्याच रात्री मी कुडकुडत होते. आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक कुटुंब भाड्याने राहायचं, त्यांचा मुलगा आला, माझ्या पायाशी घोंगडी ठेवली आणि गेला. एक शब्द बोलला नाही. सकाळी पाहिलं तर तो स्वतः पोत्यावर झोपला होता.

मला फार बरं वाटलं होतं, मुक्ता. पण मैत्रिणींनी विचारलं तेव्हा मला इतकी लाज वाटली, की मीच त्याची नक्कल करून दाखवली. कसा मान खाली घालून आला, घोंगडी टाकून कसा पळाला. सगळ्या हसल्या. त्याचं नाव 'घोंगडी' पडलं. तो विहिरीवर आला की मुली एकमेकींना हाक मारायच्या, "अगं, थंडी वाजते का?" मीही हसायचे. त्याने एकदाच वर पाहिलं माझ्याकडे. मग त्याने आमच्या बाजूने येणं सोडलं, आणि पुढल्या वर्षी ते लोक बिऱ्हाड हलवून गेले. मला त्याच्याशी लग्न करायचं होतं असं नाही. तुझ्या आजोबांबरोबर माझा संसार सुखाचा झाला. पण त्या घोंगडीबद्दल मी त्याला बरं म्हटलं नाही, आणि वर चारचौघांत त्याचं हसं केलं, हे मला अजून बोचतं. डिसेंबर आला की बोचतंच.

म्हणून म्हणते, सगळ्या सोसायटीदेखत त्याच्या मनगटावर राखी बांधून मागे मैत्रिणींनी खुसखुसायचं, हे तुझ्या हातून होऊ नये. नाही म्हणायचं असेल तर तुझ्या तोंडाने म्हण. जिन्यात घाईघाईने नको, आणि त्याच्या आईदेखत तर नकोच. खाली बागेत बाकावर बस आणि सांग, "तू माझ्यासाठी करतोस ते मला दिसतं, मला बरंही वाटतं, पण माझ्या मनात तसं नाही." त्याला दोन दिवस वाईट वाटेल, तेवढं वाटू दे. मात्र त्यानंतर त्याच्याकडून स्कूटर पुसून घेऊ नकोस, नाहीतर त्याला आशा लागून राहील.

आणि नाही म्हणायचं नसेल, किंवा अजून कळतच नसेल, तर घाई कसली? नावाने हाक मार. सीट पुसलीस, बरं झालं, म्हण. लाडू कुठून आणलेस विचार. लाजरी माणसं पहिलं वाक्य बोलायलाच अडतात, मग बोलू लागतात. चार वेळा चहा प्यायलात की तो कसा आहे ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. तुझ्या मनात काय आहे ते तू काल सांगितलं नाहीस. मीही विचारत नाही. फक्त एक लक्षात आलं, की सीट कोण पुसतं ते बघायला तू दोनदा गॅलरीत जाऊन उभी राहिली होतीस.

नागपंचमीला पुरणाची दिंडं केली होती, तुझी आठवण आली. नारळीभाताला इथला नारळ पाठवते आहे, दोन आहेत. एक समोर द्यायचा का ते तू ठरव. आईला म्हणावं गुडघ्याचं तेल मिळालं. बाबाला हे पत्र दाखवायचं की नाही, तुझ्या मर्जीवर.

तुझी,
आजी

ता. क. लाडवांच्या डब्याचं झाकण घट्ट बसत नाही म्हणालीस. ते आपलं नाहीच, त्यांच्या डब्याचं आहे. आपलं त्याच्याकडे राहिलं असणार.