बिलाच्या फोटोतली ओळ न् ओळ: 237 युनिटचे 2,540 रुपये कसे झाले

तुम्ही फोटो पाठवलेलं विजेचं बिल इंग्रजीत आहे. फोटोत वरून खाली पाहत या.

रीडिंग. ‘प्रीव्हियस’ म्हणजे मागील रीडिंग 4812, ‘करंट’ म्हणजे चालू रीडिंग 5049. वजाबाकी 237. शेजारचा ‘एमएफ’ हा गुणक; घरगुती मीटरला तो बहुधा 1 असतो, तुमच्याही बिलात 1 आहे. म्हणून वापर 237 युनिट.

पैशांकडे वळण्याआधी मीटरपाशी जा. मीटरवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे ना, हे बघा. भाड्याच्या घरात शेजाऱ्याशी अदलाबदल झालेली सापडते. स्क्रीनवर आकडे आळीपाळीने बदलतात. ज्याच्यापुढे kWh असेल तोच टिपा, kW किंवा V नको. आजचा आकडा 5049 पेक्षा कमी दिसला तर रीडिंग चुकलं आहे. तारखेसह फोटो काढून तक्रार करा.

वीज आकार. इथेच सगळे गोंधळतात. शंभरी ओलांडली म्हणून सगळे युनिट महाग होत नाहीत:

पहिले 100 × 4.00 = 400.00
पुढचे 137 × 9.00 = 1,233.00

एकूण 1,633 रुपये.

बाकीचे आकार. ‘फिक्स्ड चार्ज’ म्हणजे स्थिर आकार, 130 रुपये. घर महिनाभर बंद असलं तरी लागतो. ‘व्हीलिंग’ म्हणजे वहन आकार, तारांमधून वीज घरापर्यंत आणण्याचा: 237 × 1.40 = 331.80. ‘एफएसी’ म्हणजे इंधन समायोजन आकार: 237 × 0.35 = 82.95. हा दर महिन्याला बदलू शकतो, त्यामुळे वापर तेवढाच असूनही बिल हलतं.

बेरीज 2,177.75. तिच्यावर 16 टक्के वीज शुल्क 348.44, हा सरकारचा कर. झाले 2,526.19. मागील थकबाकी 12.40 धरून 2,538.59, जवळच्या दहाच्या पटीत 2,540. ही थकबाकी तुम्ही राहायला येण्याआधीची असेल तर घरमालकाकडून वळती करून घ्या. मुदतीनंतर 2,570 भरावे लागतील, कारण चालू बिलावर सव्वा टक्का विलंब आकार बसतो.

आता कामाचा हिशेब. यापुढचं प्रत्येक युनिट 9.00 + 1.40 + 0.35 आणि वर शुल्क, म्हणजे 12.47 रुपयांना पडतं. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. बचत या वरच्या टप्प्यातूनच होते. चार्जर काढून ठेवण्याने फारसं काही होत नाही.

‘मीटर स्टेटस’पुढे ‘नॉर्मल’ आहे, हे चांगलं. तिथे ‘लॉक्ड’ किंवा ‘अ‍ॅव्हरेज’ आलं तर बिल अंदाजे असतं. मग खरं रीडिंग मिळाल्यावर साचलेले युनिट एकदम लागतात. ते मधल्या महिन्यांत वाटून टप्पे लावलेत का, ते तपासा. एकाच महिन्यात धरले असतील तर बरेचसे 9 रुपयांच्या दरात गेलेले असतात. बिल दुरुस्तीचा अर्ज द्या, सोबत रीडिंगचे फोटो जोडा.