विषय: गाडी विकल्यामुळे कॅन्सल झालेल्या मोटार पॉलिसीचा रिफंड दिवसांच्या हिशोबाने मिळण्याबाबत (पॉलिसीचे शेवटचे आकडे ४०७२)

ता. १२ सप्टेंबर २०२५, सोलापूर

मा. शाखा व्यवस्थापक मॅडम, नमस्कार.

परवा आपलं फोनवर बोलणं झालं, तुम्ही म्हणालात की जे काही आहे ते लेखी पाठवा म्हणजे पुढे पुण्याला पाठवता येईल, म्हणून हा मेल सविस्तर लिहितोय. जरा लांब झालाय पण पूर्ण वाचा ही विनंती, कारण मागच्या वेळी दोन ओळीत लिहिलं आणि त्याचं उत्तर पण दोन ओळीतच आलं, त्यातून काहीच कळलं नाही.

माझी पेट्रोल स्विफ्ट, २०१७ चं मॉडेल, एमएच १३ पासिंग. तिची पॅकेज पॉलिसी तुमच्याकडे १२ एप्रिल २०२५ ते ११ एप्रिल २०२६ अशी होती. गाडी नंबर आणि पॉलिसी नंबर पूर्ण हवे असतील तर सोबतच्या कॉपीवर आहेत, मेलमध्ये उघडे लिहीत नाही. लोन २०२२ लाच फिटलंय, आरसीवरून बँकेचं नाव पण तेव्हाच काढलंय, त्यामुळे फायनान्सवाल्याच्या एनओसीचा प्रश्नच येत नाही. या वर्षात एकही क्लेम घेतलेला नाही, आधीची पाच वर्षं पण नाही, म्हणून तर पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस लागलेला दिसेल.

गाडी मी बार्शीच्या एका शिक्षकांना विकली. ६ ऑगस्टला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी ताब्यात दिली, २१ ऑगस्टला आरटीओत आरसी त्यांच्या नावावर झाली. माझी पॉलिसी ट्रान्सफर करून घेता का असं मी त्यांना विचारलं होतं, पण माझा बोनस काही त्यांना मिळणार नव्हता, तो फरक त्यांनाच भरावा लागला असता, आणि त्यांना झिरो डेप पण पाहिजे होतं. म्हणून त्यांनी सरळ दुसऱ्या कंपनीची नवीन पॅकेज पॉलिसी स्वतःच्या नावावर घेतली, ती २२ ऑगस्टपासून चालू आहे, कॉपी जोडलीय. त्यानंतर २५ ऑगस्टला मी शाखेत येऊन कॅन्सलेशनचा अर्ज दिला, पोच घेतली, आणि तुमच्याकडून २६ ऑगस्टपासून पॉलिसी रद्द झाल्याचं एंडोर्समेंट पण आलं. २२ ते २५ या चार दिवसांत एकाच गाडीला दोन पॉलिसी होत्या, त्या चार दिवसांचे पैसे मी मागत नाही, अर्जाची तारीख ती अर्जाची तारीख.

अडचण रिफंडच्या आकड्याची आहे. एंडोर्समेंटवर रिफंड आलाय १,८३३ रुपये २५ पैसे. हा आकडा कुठून आला ते कुणी सांगितलं नाही, काउंटरवर विचारलं तर सिस्टीम काढते म्हणाले, एजंटला विचारलं तर तो म्हणाला शाखेत विचारा. मग मीच बसून काढलं. माझा ओडीचा प्रीमियम ३,८८४ होता, त्याचे ४० टक्के होतात १,५५३.६०, त्यावर १८ टक्के जीएसटी २७९.६५, बेरीज बरोबर १,८३३.२५. म्हणजे सिस्टीमने दोन गोष्टी केल्यात, एक तर ओडीला जुना शॉर्ट पिरियडचा तक्ता लावलाय आणि दुसरं म्हणजे थर्ड पार्टीचे ३,४१६ रुपये हिशोबातच घेतले नाहीत. माझं म्हणणं या दोन्हीबद्दल आहे.

आधी थर्ड पार्टीचं सांगतो कारण ते मला जास्त खटकलंय. तुम्ही फोनवर म्हणालात की टीपीचा भाग कायद्याने नवीन मालकाकडे जातो म्हणून तो रिफंड होत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ मला मान्य आहे, गाडी विकली की पॉलिसी खरेदीदाराच्या नावावर गेली असं धरलं जातं आणि त्याने १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायला अर्ज करायचा असतो. हे कशासाठी, तर रस्त्यावर कुणाला लागलं तर मालकी बदलली म्हणून त्या माणसाची भरपाई अडू नये, आणि ते बरोबरच आहे. पण इथे खरेदीदाराने स्वतःचं टीपी कव्हर घेतलंय, आणि तुमचं एंडोर्समेंट स्वतः म्हणतंय की २६ ऑगस्टपासून ही पॉलिसी पूर्ण रद्द, कुठलीही जबाबदारी कंपनीवर नाही. मग उद्या त्या गाडीने बार्शी रोडवर कुणाला धडक दिली तर ते तुम्ही देणार आहात का? नाही देणार, आणि द्यायची गरज पण नाही कारण दुसरी पॉलिसी आहे. मग जे कव्हर २६ ऑगस्टनंतर तुम्ही देतच नाही त्याचे उरलेल्या २२९ दिवसांचे पैसे ठेवून कसे घेता येतील मॅडम, एक तर कव्हर चालू ठेवा नाहीतर पैसे परत करा, दोन्ही एकदम होत नाही. दुसरीकडे विमा असल्याचा पुरावा असल्याशिवाय टीपी कॅन्सल करायची नाही हा नियम आहे आणि तो पुरावा मी अर्जासोबतच दिला होता, पोचपावतीवर "नवीन पॉलिसी प्रत" असं तुमच्याच स्टाफच्या अक्षरात लिहिलंय, फोटो जोडलाय.

आता शॉर्ट पिरियडचं. तो तक्ता मला माहीत आहे, २००२ च्या इंडिया मोटार टॅरिफमधला. एक महिन्यापर्यंत पॉलिसी चालली तर कंपनी २० टक्के ठेवणार, पुढे प्रत्येक महिन्याला दहा दहा टक्के वाढत जाणार, आणि आठ महिने उलटले की काहीच परत नाही. माझी पॉलिसी चार महिने चौदा दिवस चालली म्हणून पाचव्या महिन्याच्या रकान्यात ६० टक्के कापून ४० टक्के दिलेत. पण आयआरडीएआयने ११ जून २०२४ ला जनरल इन्शुरन्सचं मास्टर सर्क्युलर काढलं, त्यात स्पष्ट आहे की ग्राहक कधीही, कारण न सांगता पॉलिसी रद्द करू शकतो, आणि पॉलिसी एक वर्षापर्यंतची असेल आणि त्या काळात क्लेम झालेला नसेल तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम प्रमाणात परत द्यायचा. माझी पॉलिसी एक वर्षाची, क्लेम शून्य, आणि घेतलीय एप्रिल २०२५ मध्ये, म्हणजे सर्क्युलर येऊन दहा महिने झाल्यावर. त्यामुळे इथे जुना तक्ता लागायचं कारण मला दिसत नाही.

दिवसांच्या हिशोबाने काढलं तर फार सोपं आहे. ओडी ३,८८४ अधिक टीपी ३,४१६ म्हणजे ७,३०० रुपये, ३६५ ने भागले की रोजचे बरोबर २० रुपये येतात. पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर माझं वेगळं आहे, ते या पॉलिसीत नाही. १२ एप्रिल ते २५ ऑगस्ट दोन्ही दिवस धरून १३६ दिवस तुम्ही कव्हर दिलं, त्याचे २,७२० रुपये तुमचे, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. राहिले २२९ दिवस, त्याचे ४,५८०, त्यावर जीएसटी ८२४.४०, असे एकूण ५,४०४ रुपये ४० पैसे मला मिळायला पाहिजेत. एंडोर्समेंटमधल्या आकड्यात आणि यात ३,५७१.१५ चा फरक आहे. समजा तुमचा तोच जुना तक्ता धरला आणि फक्त टीपी त्यात मिळवलं तरी ३,४४५.६० होतात, म्हणजे तुमच्या पद्धतीने पण १,८३३ हा आकडा बसत नाही. हे मी फक्त दाखवायला लिहितोय, तेवढ्यावर तडजोड करा असं म्हणत नाही, माझी मागणी ५,४०४.४० चीच आहे.

जीएसटीबद्दल काउंटरवर एक जण म्हणाले की तो सरकारला भरून झाला आता परत कसा येणार. त्यासाठी क्रेडिट नोट काढायची सोय आहे आणि या आर्थिक वर्षातल्या बिलाला ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे, आणि तुम्ही १,८३३ मध्ये जीएसटी धरलेलाच आहे, त्यामुळे तो मुद्दा संपला असं मी समजतो.

दुसरी एक विनंती, आणि ही पैशापेक्षा घाईची आहे. मला नो क्लेम बोनसचं रिझर्व्हिंग लेटर पाहिजे. बोनस गाडीचा नसतो, माझा असतो, आणि ते लेटर तीन वर्षं चालतं. २२ सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ वर येतोय, म्हणून घरच्यांनी दसऱ्याला नवीन गाडी आणायचं ठरवलंय, दसरा २ ऑक्टोबरला आहे. शोरूमवाला म्हणतोय लेटर असेल तर ओडीवर ५० टक्के सूट लगेच लावतो, नसेल तर पूर्ण प्रीमियम भरा. नवीन गाडीच्या ओडीवर ५० टक्के म्हणजे माझ्यासारख्याला मोठी रक्कम आहे, आम्ही आमच्या टॉवेलच्या चार लूमवर घर चालवतो, आणि सहा वर्षं गाडी जपून चालवून, बारीकसारीक ओरखड्यांना खिशातून पैसे घालून तो बोनस कमावलाय. रिफंडचा वाद मिटेपर्यंत हे लेटर अडवून ठेवू नका, दोन्हीचा एकमेकांशी संबंध नाही.

एंडोर्समेंटवरचे १,८३३.२५ अजून जमा झालेले नाहीत. ते आधी टाकले तरी चालतील, पण ते मी फुल अँड फायनल म्हणून घेत नाही, उरलेल्याच्या हिशोबात धरतो, हे इथे लेखी सांगून ठेवतो. तसली कुठली व्हाउचरची सही मी करणार नाही. पैसे माझ्याच खात्यावर एनईएफटीने यावेत, एजंटच्या हातात चेक नको. कॅन्सल चेक, पॅन आणि आधारची प्रत, विक्रीचा करार, फॉर्म २९ आणि ३० ची प्रत, नवीन मालकाच्या नावाची आरसी आणि त्यांची पॉलिसी, तुमची पोच आणि एंडोर्समेंट असं सगळं एकाच पीडीएफमध्ये जोडलंय. त्या शिक्षकांचा फोन नंबर मी दिलेला नाही, काही विचारायचं असेल तर मला सांगा, मी त्यांना विचारून कळवतो.

पुण्याहून किंवा हेड ऑफिसहून नाही असंच उत्तर आलं तर कृपया ते कुठल्या अटीच्या आधाराने ते लिहून द्या, माझ्या पॉलिसीच्या वर्डिंगमधल्या क्लॉजच्या नंबरासहित. "सिस्टीमनुसार" हे उत्तर मी घेणार नाही. हाच मेल मी तुमच्या ग्रीव्हन्स ऑफिसरना पण सीसी केलाय म्हणजे आजपासून तो तक्रार म्हणूनच धरला जावा. तिथे काही झालं नाही तर बिमा भरोसा पोर्टलवर टाकेन, आणि महिन्यात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन, सोलापूर त्यांच्याकडेच येतं आणि तिथे फी पण लागत नाही. पण मनापासून सांगतो मॅडम, तिथपर्यंत जायची माझी इच्छा नाही. आठ वर्षं याच शाखेत पॉलिसी काढलीय, तुमच्याकडचा हिशोब दुरुस्त झाला तर नवीन गाडीची पॉलिसी पण इथेच काढायला मला काही अडचण नाही.

बोनसचं लेटर २५ सप्टेंबरपर्यंत मेलवर आलं तरी चालेल, छापील प्रत मी नंतर येऊन घेऊन जाईन. रिफंडचं सुधारित एंडोर्समेंट कधी निघेल तेवढी तारीख कळवा.

आपला,
महेश बिराजदार
जुळे सोलापूर
(फोन नंबर पॉलिसीवर नोंदवलेला आहे तोच, दुपारी दोननंतर केव्हाही करा, सकाळी लूमच्या आवाजात ऐकू येत नाही)