गच्ची, पुढची खोली आणि न्हाणीघर दुरुस्ती : खर्चाचा अंदाज

दि. १२ फेब्रुवारी

काका, सप्रेम नमस्कार.
रविवारी टेप लावून मापं घेतली त्यावरून हा अंदाज. मापं फुटात आहेत. जिथे माप पक्कं नाही तिथे पुढे ‘अं.’ लिहिलंय. दर माल व मजुरीसह. फक्त १० नंबरला फरशी तुमची.

गच्ची (२६ × २०)

१) जुना कोबा फोडून स्लॅब उघडा करणे, घासून धुणे
५२० चौ. फूट × २२ = ११,४४०

२) स्लॅबच्या भेगा ‘व्ही’ कापून पॉलिमर मोर्टारने भरणे
६० रनिंग फूट (अं.) × ४५ = २,७००

३) ब्रिकबॅट कोबा वॉटरप्रूफिंग : खाली सिमेंट स्लरी, वर विटांचे तुकडे, सरासरी ४ इंच, पाइपाकडे उतार, कठड्याला वाटा, वरून घोटाई
५२० + कठड्याची आतली बाजू ९२ = ६१२ चौ. फूट × १२५ = ७६,५००
(आधी ५२० लिहून खोडलंय. कठडा आणि स्लॅबचा सांधा धरायचा राहिला होता, आणि पाणी तिथूनच आत जातंय.)

४) राबिट खाली उतरवून बाहेर टाकणे, न्हाणीघराचं धरून
३ ट्रॉली (अं.) × २,५०० = ७,५००

गच्ची एकूण : ९८,१४०

पुढची खोली (१४ × १२, उंची १०)

५) स्लॅबखालचं सुटलेलं प्लास्टर काढणे, गजांचा गंज तारेच्या ब्रशने साफ करून गंजरोधक लावणे, बाँडिंग कोट, पॉलिमर मोर्टार
७० चौ. फूट (अं.) × २१० = १४,७००

६) न्हाणीलगतच्या भिंतीचं ओलं प्लास्टर काढून नवीन
१२ × १० = १२०, वजा दार १७.५, दाराच्या कडा धरून १०४ चौ. फूट × ७५ = ७,८००

खोली एकूण : २२,५००

न्हाणीघर (७ × ५, डॅडो ७ फूट उंच)

७) जुनी फरशी व डॅडो फोडणे
३५ + १५० = १८५ चौ. फूट × ३० = ५,५५०

८) कन्सील्ड पाइपलाइन, गरम-थंड सीपीव्हीसी, नवीन नहाणी ट्रॅप, सांडपाण्याची जोडणी
८ पॉइंट × १,६०० = १२,८००

९) वॉटरप्रूफिंग, जमीन ३५ + भिंतीला १ फूट वर २४ = ५९, धरले ६०
६० चौ. फूट × १४० = ८,४००

१०) फरशी व डॅडो बसवणे, सांधे भरणे (फरशी मालकाची, सिमेंट-वाळू माझी)
१८५ चौ. फूट × ६५ = १२,०२५

११) फायबरचं दार, ग्रॅनाइटची चौकट, उंबरा, कडी-बिजागऱ्या
१ नग = ९,५००

न्हाणीघर एकूण : ४८,२७५

रंग व किरकोळ

१२) पुढच्या खोलीला पुट्टी दोन हात, प्रायमर, इमल्शन दोन हात
छत १६८ + भिंती ४६० = ६२८ चौ. फूट × २४ = १५,०७२

१३) परांची, गोणपाट, ने-आण
लमसम = ४,०००

एकूण : १९,०७२

बेरीज : ९८,१४० + २२,५०० + ४८,२७५ + १९,०७२ = १,८७,९८७
वरचे ४८७ सोडले.

गोल केलेला आकडा : रु. १,८७,५०० (एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे फक्त)

आता गोलातल्या आकड्याबद्दल. तो पुढे-मागे होणार असेल तर मुख्यतः ५ नंबरमुळे. छत हातोडीने वाजवून पाहिलं, ४५ फुटांपर्यंत स्पष्ट पोकळ आवाज येतो. पण प्लास्टर पाडायला लागलो की आजूबाजूचंही सुटतं, म्हणून ७० धरले. पाडून झाल्यावर तुमच्यासमोर टेप लावू, जेवढं भरेल तेवढ्याचेच २१० ने पैसे. पन्नास निघालं तर ४,२०० कमी होतील, नव्वद निघालं तर तेवढेच वाढतील. गज फक्त वरून गंजलेले असतील तर काम माझं. पण खाऊन बारीक झालेले दिसले, तर मी तिथे हात थांबवणार आणि इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही. नुसतं मोर्टार लावून ते झाकणं मला पटत नाही, त्याच छताखाली तुमची नातवंडं झोपतात.

३ नंबरचा आकडा मोठा दिसतो हे मलाही कळतं. तुम्ही म्हणालात, एकाने ३५ रुपये फुटाने केमिकलचा कोट सांगितलाय. ६१२ ला ते २१,४२० होतात. कोट वाईट नसतो, पण खाली घट्ट पृष्ठभाग लागतो. तुमचा कोबा निम्म्या गच्चीवर स्लॅबपासून उचललाय, पायाखाली डबडब वाजतो. त्यावर कोट मारला तर कोबा हलेल तसा तो फाटेल, आणि आतलं साठलेलं पाणी आतच राहील. जुना कोबा ठेवून वर नवा चढवा, असंही कोणी सांगेल. ते तर करूच नका. चार इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला सतरा-अठरा किलो, सगळ्या गच्चीवर नऊ टनांच्या वर. गंजलेल्या स्लॅबवर तेवढं जादा वजन नको. म्हणून १ नंबरचे ११,४४० वाचवता येणार नाहीत.

भिंतीची ओल दोन ठिकाणची आहे. वरून खाली उतरलेले पिवळे ओघळ गच्चीचे. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचा फुगवटा आणि पांढरी खार न्हाणीतून येते. त्यामुळे ६ नंबरचं प्लास्टर न्हाणीचं काम झाल्यावरच करू, आधी केलं तर परत फुगेल.

हात आखडता घ्यायचा असेल तर ११ आणि १२ मागे ठेवा, २४,५७२ कमी होतील. जुनं दार अजून एखादं वर्ष चालेल. रंगाला तर घाई नकोच, नवीन प्लास्टर किमान महिनाभर वाळू द्या. गच्ची मात्र अर्धी करू नका.

या अंदाजात नाही : फरशी, नळ, कमोड, गीझर, वायरिंग. फरशी २०५ चौ. फूट आणा, तुटफूट धरून. सगळे बॉक्स एकाच बॅचचे बघून घ्या, नाहीतर छटा बदलते. काकूंना जमिनीला खडबडीत फरशी हवी आहे, ते बरोबरच आहे, पण जमिनीची आणि भिंतीची वेगवेगळी मोजून आणा. नळ आधी आणून ठेवलेत तर पॉइंटची उंची त्यावर बघून काढू.

कोबा झाल्यावर आळी करून सात दिवस पाणी भरून ठेवायचं. त्या पाण्यातच चाचणी होईल. खोलीत छताला ओल दिसली तर दुरुस्ती माझ्या खर्चाने. न्हाणीलाही फरशीच्या आधी दोन दिवस पाणी भरून बघू. पाणी आणि वीज तुमची.

पैसे :
कामाला सुरुवात, कोब्याचा माल : ४०,०००
गच्चीची पाणीचाचणी झाल्यावर : ७०,०००
न्हाणीची फरशी बसल्यावर : ५०,०००
रंग झाल्यावर : २७,५००

दुसरा हप्ता चाचणीआधी मागितला तर देऊ नका.

मुदत : रंग सोडून २६ दिवस. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर पावसाआधी गच्ची पुरती वाळते. दर आजपासून ३० दिवस हेच.

वाढीव काम निघालं तर याच कागदाच्या मागे लिहून दोघांची सही, मगच काम. एक प्रत माझ्या डायरीत आहे.

आपला,
(सही)
कंत्राटदार