पाणी सोडलं

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये कामाला असलेले बिहारचा बिरजू आणि मेळघाटचा सोमलाल एकाच खोलीत राहत. "त्या गंजीच्या मजुरीवर म्या पानी सोडलं," असे सोमलाल सकाळी खिन्नपणे म्हणाला. नुकतीच मराठी शिकू लागलेल्या बिरजूला त्यातले गंजी आणि पाणी एवढेच कळले. ओला कापूस गंजीत तापून पिवळा पडतो, त्यामुळे त्याची धास्ती खरीच होती, आणि त्याने धावत मुकादमाला गाठले. दुपारपर्यंत गंजी उपसली. कापूस कोरडाच निघाला. बुडालेल्या मजुरीची आशा सोडली, एवढाच त्या बोलण्याचा अर्थ असल्याचे मुकादमाने सर्वांसमोर समजावले. सोमलाल केसांतली रुई झटकत खाली पाहत राहिला. रात्री बिरजूने आपली अर्धी भाकर न बोलता त्याच्यापुढे सरकवली.