पर्यावरण सद्यस्थिती अहवाल 2024-25 साठी सांडपाणी प्रक्रियेची माहिती मिळणेबाबत

कोल्हापूर महानगरपालिका, पर्यावरण विभाग
दि. 19 मे 2025

प्रति,
मा. जलअभियंता,
पाणीपुरवठा व जलनिस्सारण विभाग

महोदय,

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 67-अ नुसार शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल 31 जुलैपूर्वी सभागृहापुढे ठेवायचा असतो. त्यातील पंचगंगा प्रदूषणाचे प्रकरण आपल्या विभागाच्या नोंदींशिवाय लिहिता येणार नाही.

कसबा बावडा (76 दशलक्ष लिटर) आणि दुधाळी (17 दशलक्ष लिटर) या दोन्ही प्रक्रिया केंद्रांची 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 ची दैनंदिन माहिती हवी आहे. एका दिवसाची एक ओळ, म्हणजे दोन्ही केंद्रांच्या मिळून 730 ओळी. रकाने असे: दिनांक, केंद्र, आलेले सांडपाणी, प्रक्रिया करून सोडलेले पाणी, केंद्र किती तास बंद, बंदचे कारण, शेरा. बीओडी, सीओडी, टीएसएस आणि पीएच यांचे निकाल दुसऱ्या शीटवर, नमुना घेतल्याच्या तारखेसह द्यावेत. अहवालाची तारीख धरली तर महिना बदलतो आणि सरासरी चुकते.

माहिती एक्सेलमध्येच, युनिकोडमध्ये द्यावी. लॉगबुकाच्या स्कॅन प्रतीवरून आकडे पुन्हा टाइप करताना दशांशचिन्ह हमखास सरकते. परिमाण सगळीकडे दशलक्ष लिटर असावे. मीटर घनमीटरमध्ये असल्यास 1000 ने भागावे.

एक विनंती विशेष आग्रहाने. केंद्र बंद होते त्या दिवशी 0 लिहावे. केंद्र चालू, पण मीटर बंद असेल तर रकाना मोकळा ठेवून शेऱ्यात ‘मीटर बंद’ लिहावे. तिथे 0, अंदाज किंवा केंद्राची पूर्ण क्षमता भरली, तर नदीत प्रक्रियेविना किती पाणी गेले याचा हिशेबच खोटा ठरतो. जुलै 2024 च्या अखेरीस राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली होती. त्या काळात जयंती नाला उपसा केंद्र बंद ठेवावे लागले असल्यास तारखा व तास स्वतंत्र द्यावेत. पुरामुळे केंद्र बंद राहणे आणि बिघाडामुळे बंद राहणे अहवालात वेगवेगळे दाखवणे आपल्या विभागासाठीही न्यायाचे आहे.

नालेसफाई आणि पूरपूर्व तयारीमुळे आपले कर्मचारी सध्या गुंतलेले आहेत, म्हणून दोन टप्पे सुचवतो. सोमवार, 26 मे पर्यंत फक्त एप्रिल 2024 चे शीट पाठवावे. रकाने जुळतात का ते आम्ही दोन दिवसांत कळवू. उर्वरित अकरा महिने शुक्रवार, 13 जूनपर्यंत मिळावेत. पडताळणी आणि मसुदा यांना त्यानंतर चार आठवडे लागतील. प्रयोगशाळेचे काही निकाल बाकी असल्यास त्यासाठी प्रवाहाचे आकडे थांबवू नयेत. निकाल 20 जूनपर्यंत चालतील.

कोरे एक्सेल STP_2024-25.xlsx सोबत जोडले आहे. लॉगबुकातून नोंदी उतरवायला हात कमी पडत असल्यास आमचा लिपिक दोन दिवस केंद्रावर येऊन बसेल. तसे आधी कळवावे. मसुद्यातील आपल्या विभागाचा भाग आयुक्तांकडे सादर करण्यापूर्वी आपल्याला तपासायला पाठवू.

आपला विश्वासू,
पर्यावरण अभियंता
कोल्हापूर महानगरपालिका

प्रत: कनिष्ठ अभियंता, कसबा बावडा व दुधाळी प्रक्रिया केंद्र