विषय: बिलिंग स्क्रीनवरची अक्षरं मोठी आणि रंग ठळक करून मिळण्याबाबत

नमस्कार साहेब,

आमचं सदाशिव पेठेत किराणा-भुसाराचं दुकान आहे आणि बिलिंगला तुमचंच सॉफ्टवेअर आहे. स्टॉक, उधारी, जीएसटी सगळं व्यवस्थित चालतं, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण आहे ती फक्त बिलाच्या स्क्रीनची.

सकाळी गल्ल्यावर माझे वडील बसतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्मा आहे, तरी पांढऱ्यावर फिकट राखाडी आकडे त्यांना दिसत नाहीत. दुकान पूर्वाभिमुख असल्याने ऊनही थेट स्क्रीनवर येतं. 3 आणि 8 सारखेच वाटतात. सर्वांत जास्त घोळ सुट्या मालात होतो, कारण दशांश चिन्ह दिसतच नाही. पाव किलो शेंगदाण्याचे 0.250 टाकायचे तिथे 2.50 पडलं, तर अडीच किलोचं बिल होतं. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि वडिलांना प्रत्येक ओळ वाकून वाचावी लागते. इतकी वर्षं तोंडी हिशेब करणाऱ्या माणसाला आकडा दिसत नाही म्हणून दुसऱ्याला हाक मारावी लागते, याचं मला फार वाईट वाटतं.

विंडोजचं स्केलिंग 125 टक्के करून पाहिलं. अक्षरं वाढली, पण एकूण रकमेची ओळ आणि F8 सेव्हचं बटण स्क्रीनच्या खाली गेलं. आमचा मॉनिटर 1366 × 768 चा आहे. म्हणून बदल तुमच्याकडूनच व्हायला हवा.

मालाचं नाव, नग/वजन, दर आणि रक्कम किमान 16 पॉइंटमध्ये, ठळक काळ्या अक्षरांत द्या. एकूण रक्कम त्याच्या दुप्पट. जागा लागेल, तर एचएसएन आणि जीएसटीचे रकाने गल्ल्यावरच्या स्क्रीनवरून काढा. छापील बिलात ते राहू देत. निवडलेली ओळ आत्ता फिकट निळ्यावर पांढरी आहे, ती गडद निळ्यावर पांढरी करा. परत आलेला माल लाल दाखवता, तिथे ‘परत’ असा शब्दही हवा. आमच्या एका मुलाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही.

हे सेटिंग प्रत्येक लॉगिनला वेगळं ठेवता आलं तर उत्तम, आणि अपडेटनंतर ते पुसलं जाऊ नये.

गणपतीच्या आधी झालं तर फार बरं होईल. त्या दिवसांत मोदकपिठी, गूळ, खोबरं यांना इतकी गर्दी असते, की मान वर करायला वेळ नसतो. वार्षिक देखभालीत हे बसत नसेल, तर वेगळा खर्च कळवा, मी देईन. दुपारी दीड ते चार दुकान बंद असतं, तेव्हा तुमचा माणूस आला किंवा रिमोटवर घेतलंत तरी चालेल.

गल्ल्यावरच्या खुर्चीतून काढलेले स्क्रीनचे दोन फोटो जोडले आहेत, एक सकाळी नऊचा, एक संध्याकाळचा.

आपला,
कुलकर्णी
सदाशिव पेठ, पुणे 411030